चुकीच्या खात्यावरचं नाव आणि मागे पडलेलं घड्याळ

सोमवारी सकाळी कार्यालय उघडतं. लोक आपापल्या संगणकावर नेहमीसारखं लॉगिन करतात, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला जातात आणि पडद्यावर ही दोन वाक्यं येतात:

```
The target principal name is incorrect.
Cannot generate SSPI context.
```

पासवर्ड चुकला, असं यात कुठेच म्हटलेलं नाही. सर्व्हर बंद आहे, असंही नाही. तो चालू असतो, नेटवर्कवर दिसतो, पिंगला उत्तरही देतो. मग वापरणारा माणूस पासवर्ड बदलून बघतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो आणि शेवटी आयटीवाल्याला फोन लावतो. आयटीवालाही पुष्कळदा अंदाजानेच चाचपडायला लागतो, कारण हा संदेश काय घडलं नाही तेवढंच सांगतो, का घडलं नाही ते सांगत नाही.

या एररची कारणं बरीच आहेत, पण प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा समोर येतात ती दोन. एक, डोमेनच्या नोंदवहीत डेटाबेसचं नाव चुकीच्या खात्यावर लागलेलं असतं. दुसरं, कुठल्या तरी यंत्राचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे गेलेलं असतं. दोन्ही तपासायला महागडं साधन लागत नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या दोन-तीन आज्ञा पुरतात. मात्र त्या आज्ञांचं उत्तर वाचता यायला हवं असेल, तर पासवर्ड न विचारता होणारं हे लॉगिन आतून कसं चालतं ते थोडं समजून घ्यायला हवं.

बहुतेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असा लावलेला असतो की त्याला वेगळा पासवर्ड लागत नाही. सकाळी विंडोजमध्ये लॉगिन केलं की तीच ओळख डेटाबेसलाही चालते. यालाच विंडोज इंटिग्रेटेड लॉगिन म्हणतात. पण नेटवर्कवरून ओळख पटवायची आणि पासवर्ड मात्र पाठवायचा नाही, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. त्यासाठी विंडोज कर्बेरॉस नावाची पद्धत वापरतं. ती मुळात मायक्रोसॉफ्टची नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1983 साली अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांना आवारातल्या कुठल्याही संगणकावर बसून आपलं काम करता यावं, असा त्याचा उद्देश होता. कर्बेरॉस त्या प्रकल्पातून जन्माला आली. विंडोज 2000 पासून ती डोमेनमधली मुख्य पद्धत झाली. एसएसपीआय हा विंडोजमधला मधला थर. डेटाबेसशी बोलणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे ओळखीचा पुरावा मागतो आणि तो आतून कर्बेरॉसला कामाला लावतो. हा पुरावा तयार झाला नाही किंवा समोरच्याने तो स्वीकारला नाही, की आपल्याला वरचा संदेश दिसतो.

आता हा पुरावा कसा तयार होतो ते पाहू. डोमेन कंट्रोलरला प्रत्येक खात्याची गुप्त किल्ली माहीत असते. खातं माणसाचं असो, संगणकाचं असो की एखाद्या सेवेचं, ही किल्ली त्याच्या पासवर्डवरूनच तयार झालेली असते. तुमचा संगणक डोमेन कंट्रोलरला म्हणतो, "मला अमुक डेटाबेसकडे जायचं आहे, तिकीट द्या." डोमेन कंट्रोलर तिकीट तयार करतो आणि ज्या खात्यावर तो डेटाबेस चालतो असं त्याला वाटतं, त्या खात्याच्या किल्लीने ते बंद करतो. मोहरबंद लखोटाच म्हणा ना: नेणाऱ्याला तो उघडता येत नाही, ज्याच्या नावाचा आहे त्यालाच उघडता येतो. तुमचा संगणक तो लखोटा डेटाबेसच्या हाती देतो. डेटाबेसने तो आपल्या किल्लीने उघडला, आत तुमचं नाव सापडलं, की ओळख पटली.

सगळी गोम "असं त्याला वाटतं" या शब्दांत आहे. कुठला डेटाबेस कुठल्या खात्यावर चालतो, हे डोमेन कंट्रोलरला आपोआप कळत नाही. तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या नोंदी पाहतो. या नोंदीला सर्व्हिस प्रिन्सिपल नेम म्हणतात. आयटीत सगळे तिला एसपीएनच म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरसाठी ती अशी दिसते:

```
MSSQLSvc/dbsrv01.kosh.local:1433
```

सुरुवातीला सेवेचा प्रकार, मग यंत्राचं पूर्ण नाव, शेवटी पोर्ट. ही ओळ डिरेक्टरीत सुटी पडलेली नसते, ती कुठल्या तरी एका खात्याला जोडलेली असते. तुमच्या संगणकावरचा ड्रायव्हर सर्व्हरच्या नावावरून ही ओळ स्वतः रचतो आणि डोमेन कंट्रोलरला विचारतो, "या नावाचं तिकीट द्या." ओळ ज्या खात्यावर सापडेल, त्या खात्याच्या किल्लीने लखोटा बंद होतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. एसपीएनची नोंद कुठेच नसेल, तर बहुधा कामं अडत नाहीत. डोमेन कंट्रोलर सांगतो की असं नाव माझ्याकडे नाही, मग विंडोज एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळतं आणि लॉगिन होऊन जातं. नोंद आहे पण चुकीच्या खात्यावर आहे, तेव्हा मात्र सगळं ठप्प होतं. कारण तिकीट मिळतं, अगदी व्यवस्थित मिळतं, फक्त ते ज्याच्या हाती पडतं त्याला उघडता येत नाही. आणि एकदा तिकीट हाती आल्यावर विंडोज माघार घेऊन एनटीएलएमकडे वळत नाही. नोंद नसणं एकवेळ परवडतं, चुकलेली नोंद परवडत नाही. नवख्या आयटीवाल्याला हे उलटं वाटतं. म्हणून तो "एसपीएन नसेल" असं धरून आणखी एक नोंद करायला जातो आणि गुंता वाढवतो.

आता एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. संस्था एक मध्यम आकाराची पतसंस्था आहे असं धरू आणि यंत्रांची नावं समजावण्यापुरती घेऊ. डेटाबेसच्या यंत्राचं नाव `dbsrv01`, डोमेन `kosh.local`. कित्येक वर्षं एसक्यूएल सर्व्हर विंडोजने दिलेल्या मूळ खात्यावर चालत होता. असं असलं की नेटवर्कवर तो त्या यंत्राच्याच खात्याने, म्हणजे `DBSRV01$` या नावाने ओळखला जातो. या खात्याला स्वतःचं एसपीएन नोंदवण्याची मुभा असते. त्यामुळे सेवा सुरू होताना एसक्यूएल सर्व्हर नोंद करतो आणि नीट बंद होताना ती काढून टाकतो. कुणाला हात लावावा लागत नाही, म्हणून असं काही असतं हेही कुणाला माहीत नसतं.

ऑडिटमध्ये शेरा आला की डेटाबेससाठी वेगळं खातं असावं. त्यानुसार `KOSH\sqlsvc` हे खातं तयार झालं आणि शनिवारी संध्याकाळी बदल करायचा ठरलं. विंडोजचे अपडेट लावताना यंत्र अडकलं. बराच वेळ वाट पाहून ते जबरदस्तीने बंद करावं लागलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा डेटाबेसची सेवा बंदच होती. ती बंद आहे तोवरच खातं बदलून घेतलं आणि मग सेवा सुरू केली. सेवा बिनतक्रार सुरू झाली. ज्याने बदल केला, त्याने त्याच यंत्रावर बसून डेटाबेस उघडून पाहिला, तो उघडला. काम झालं म्हणून तो घरी गेला.

इथे दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या होत्या. यंत्र जबरदस्तीने बंद केल्यामुळे जुनी नोंद काढली गेली नाही, ती `DBSRV01$` वरच राहिली. आणि नवं खातं हे साधं डोमेन खातं असल्याने त्याला एसपीएन लिहिण्याचा अधिकार नव्हता. सेवा सुरू होताना तिने प्रयत्न केला, तो नाकारला गेला आणि ती तशीच पुढे चालू राहिली. ही गोष्ट लपलेली मुळीच नव्हती. एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, सेवा सुरू होतानाच्या ओळींमध्ये, ती साफ लिहिलेली होती: एसपीएन नोंदवता आलं नाही, विंडोजचा परतीचा कोड `0x2098`. या कोडचा अर्थ, पुरेसा अधिकार नाही. पण सेवा सुरू झाल्यावर लॉग उघडून बघण्याची सवय फार थोड्या लोकांना असते.

शनिवारी त्याच यंत्रावर डेटाबेस उघडला, याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. त्याच यंत्रावरून जोडणी केली की ती सहसा नेटवर्कवरून जातच नाही, आणि अशा स्थानिक जोडणीत ओळख एनटीएलएमने पटवली जाते. तिकिटाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून सर्व्हरवर बसून केलेली चाचणी या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही. चाचणी दुसऱ्या संगणकावरून, साध्या वापरकर्त्याच्या खात्याने करायला हवी.

सोमवारी सगळ्या संगणकांवर एकदमच एरर आला. "एकदमच, सगळीकडे" हा पहिला सुगावा. एकाच माणसाला किंवा एकाच संगणकाला त्रास असता, तर दोष त्या बाजूला शोधला असता. सगळे एकाच वेळी अडतात तेव्हा दोष सर्व्हरच्या बाजूला किंवा डिरेक्टरीत असतो. दुसरा सुगावा संदेशाच्या पहिल्या वाक्यात आहे. `target principal name is incorrect` याचा अर्थ, ज्याच्या नावाचं तिकीट घेतलं त्याला ते लागू पडलं नाही. एसएसपीआयचं दुसरं वाक्य कुठल्याही कारणाने येऊ शकतं, पण पहिलं वाक्य जवळजवळ बोट दाखवतं. अडलेल्या संगणकाच्या सिस्टिम लॉगमध्ये बऱ्याचदा कर्बेरॉसची 4 क्रमांकाची नोंदही सापडते. तिच्यात `KRB_AP_ERR_MODIFIED` हा शब्द असतो आणि कुठल्या एसपीएनसाठी प्रयत्न झाला तेही लिहिलेलं असतं. समोरच्याला लखोटा उघडता आला नाही, एवढंच ती नोंद सांगते.

मग पहिलं काम, सेवा खरोखर कुठल्या खात्यावर चालते ते पाहणं. आठवणीवर विसंबू नये. सर्व्हरवर `sc qc MSSQLSERVER` ही आज्ञा दिली की `SERVICE_START_NAME` या ओळीत खातं दिसतं. इथे `KOSH\sqlsvc` दिसलं. दुसरं काम, डिरेक्टरीच्या मते ते नाव कुणाचं आहे ते विचारणं. ही आज्ञा डोमेनमधल्या कुठल्याही संगणकावरून देता येते आणि ती फक्त वाचते, काही बदलत नाही:

```
setspn -Q MSSQLSvc/dbsrv01.kosh.local:1433
```

उत्तरात आधी खात्याचा पत्ता येतो, मग त्या खात्यावरची सगळी नावं, आणि खाली `Existing SPN found!` अशी ओळ. बरेच जण ही शेवटची ओळ वाचतात, एसपीएन सापडलं म्हणून समाधान मानतात आणि दुसरीकडे शोध सुरू करतात. खरं उत्तर पहिल्या ओळीत असतं. तिथे `CN=DBSRV01` लिहिलेलं होतं. म्हणजे डिरेक्टरी म्हणते डेटाबेस यंत्राच्या खात्यावर आहे, प्रत्यक्षात तो `sqlsvc` वर आहे. लखोटे यंत्राच्या किल्लीने बंद होत होते आणि `sqlsvc` च्या हाती पडत होते. निदान इथेच संपलं.

दुरुस्ती म्हणजे जुन्या खात्यावरून नोंद काढणं आणि नव्यावर करणं, याच क्रमाने. एसक्यूएल सर्व्हरच्या मुख्य इन्स्टन्ससाठी दोन नावं असतात, एक पोर्टसह आणि एक पोर्टशिवाय; दोन्ही हलवायची:

```
setspn -D MSSQLSvc/dbsrv01.kosh.local:1433 DBSRV01
setspn -D MSSQLSvc/dbsrv01.kosh.local DBSRV01
setspn -S MSSQLSvc/dbsrv01.kosh.local:1433 KOSH\sqlsvc
setspn -S MSSQLSvc/dbsrv01.kosh.local KOSH\sqlsvc
```

यासाठी डोमेनचा अधिकार लागतो. `-S` बद्दल एक शब्द सांगायला हवा. जुन्या टिपणांमध्ये तिथे `-A` लिहिलेलं आढळतं. `-S` नोंद करण्याआधी तेच नाव आणखी कुणावर आहे का ते तपासतो आणि असेल तर नकार देतो. जुना `-A` असं काही बघत नसे. एकच नाव दोन खात्यांवर लागलं की डोमेन कंट्रोलरला कुणाची किल्ली वापरायची तेच ठरवता येत नाही. अशा दुहेरी नोंदी शोधायला `setspn -X` ही आज्ञा आहे. ती एकदा चालवून पाहिली तर जुन्या डोमेनमध्ये विसरलेले सर्व्हर आणि निवृत्त खाती बाहेर येतात.

नोंद बदलली तरी एरर लगेच जाईलच असं नाही. इथे खूप लोक घाबरून बदल मागे घेतात. तुमच्या संगणकाने सकाळी घेतलेलं तिकीट तो जपून ठेवतो आणि पुन्हा वापरतो. या तिकिटाचं आयुष्य साधारणपणे 10 तास ठरवलेलं असतं. म्हणून अडलेल्या संगणकावर `klist purge` देऊन जुनी तिकिटं टाकून द्यायची आणि मग प्रयत्न करायचा. दुसरं, डोमेन कंट्रोलर एकाहून जास्त असतील, तर बदल एकावर होतो आणि बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. एकाच ठिकाणचे कंट्रोलर थोड्याच वेळात एकमेकांशी जुळतात. पण शाखा दुसऱ्या गावात असेल आणि तिथला कंट्रोलर वेगळ्या साइटमध्ये मांडलेला असेल, तर मूळ मांडणीत हे अंतर 180 मिनिटांचं असतं. मुख्य कार्यालय चालू झालं आणि शाखा अजून अडलेली आहे, याचा अर्थ दुरुस्ती चुकली असा होत नाही.

आणि खरोखर काम झालं की नाही, हे डेटाबेसलाच विचारता येतं. दुसऱ्या संगणकावरून जोडणी करून ही ओळ चालवायची:

```
SELECT CONNECTIONPROPERTY('auth_scheme') AS auth_scheme;
```

उत्तर `KERBEROS` आलं तर सगळं जागेवर आहे. `NTLM` आलं तर लॉगिन झालं, पण जुन्या वाटेने. पतसंस्थेत त्या दिवशी कुणी घाईने फक्त जुनी नोंद काढून टाकली असती, तर एरर गेला असता, लोकांनी कामं केली असती आणि उत्तर `NTLM` आलं असतं. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. एनटीएलएमने एका सर्व्हरवरून पुढच्या सर्व्हरकडे तुमची ओळख नेता येत नाही. तसं करायला गेलं की `NT AUTHORITY\ANONYMOUS LOGON` ला प्रवेश नाही असा वेगळाच एरर येतो आणि पुन्हा शोधाशोध सुरू होते. शिवाय जून 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीएलएम कालबाह्य ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं आहे. त्याच्या भरवशावर बसलेल्या जोडण्या आज ना उद्या उठवाव्याच लागणार.

आता घड्याळाकडे येऊ. ओळख पटवण्याच्या कामात घड्याळाचा काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. कर्बेरॉसचा पाया 1978 साली नीडहॅम आणि श्रोडर या दोन संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. त्या पद्धतीत एक फट होती: नेटवर्कवरून जाणारा जुना संदेश कुणी टिपून ठेवला आणि त्यातली किल्ली पुढे कधी त्याच्या हाती लागली, तर तोच संदेश नंतर पुन्हा पाठवून तो आत शिरू शकत होता. 1981 मध्ये डेनिंग आणि सॅको यांनी उपाय सुचवला की संदेशावर वेळेचा शिक्का मारावा, म्हणजे शिळा संदेश ओळखता येईल. कर्बेरॉसने हा विचार उचलला. आता शिक्क्यावरून शिळेपण ठरवायचं, तर दोन्ही बाजूंची घड्याळं जुळायला हवीत. तंतोतंत जुळणं अवघड, म्हणून थोडी सूट ठेवली. विंडोज डोमेनमध्ये ही सूट मुळात 5 मिनिटांची असते. फरक त्यापलीकडे गेला की समोरचा संदेश शिळा किंवा बनावट मानून नाकारतो.

हा दोष वेगळ्या तऱ्हेने दिसतो. तो बहुधा एकाच संगणकावर येतो, शेजारच्या टेबलावर सगळं सुरळीत असतं. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे रात्री वीज गेली की घड्याळ भरकटतं. किंवा एखादं व्हर्च्युअल मशीन बराच काळ थांबवून ठेवलेलं असतं आणि जागं होताना जुनीच वेळ घेऊन उठतं. याला एक अपवाद आहे, आणि तो विसरला तर निदान चुकतं: घड्याळ डेटाबेसच्याच यंत्राचं बिघडलं असेल, तर एसपीएनच्या दोषासारखे सगळेच अडतात. म्हणून तपासताना दोन्ही यंत्रं तपासायची. आणखी एक अडचण अशी की विंडोज बऱ्याचदा घड्याळातला फरक ओळखून, तो जमेस धरून पुन्हा प्रयत्न करतं. त्यामुळे सहा-सात मिनिटांच्या फरकाने कधी काम होतं, कधी होत नाही. असा अधूनमधून येणारा एरर दिसला की माझा पहिला संशय घड्याळावरच जातो.

तपासायला भिंतीवरच्या घड्याळाकडे किंवा पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघून भागत नाही. ही आज्ञा डोमेन कंट्रोलरच्या घड्याळाशी थेट तुलना करते:

```
w32tm /stripchart /computer:dc01.kosh.local /samples:3 /dataonly
```

प्रत्येक ओळीत वेळ आणि तिच्यापुढे सेकंदांतला फरक येतो. फरक `-00.02s` असा काही असेल तर घड्याळ निर्दोष आहे, पुढचा शोध एसपीएनकडे वळवा. `+431.22s` असा आला, तर डोमेन कंट्रोलर या संगणकाच्या 7 मिनिटं 11 सेकंद पुढे आहे, म्हणजे संगणक तेवढा मागे पडला आहे. मर्यादा 300 सेकंदांची, म्हणून तिकीट नाकारलं जाणार.

कोपऱ्यातले आकडे का फसवतात, याचं एक उदाहरण आपल्याकडे वारंवार घडतं. विंडोज नवं टाकलं की त्याचं टाइम झोन पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं असतं. कुणीतरी झोन न बदलता हाताने घड्याळ भारतातल्या वेळेला लावतं. पडद्यावर सकाळचे 10 दिसतात, भिंतीवरही 10 वाजलेले असतात, सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण कर्बेरॉस स्थानिक वेळ बघत नाही, ती जागतिक प्रमाणवेळ म्हणजे यूटीसी बघते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, तर हिवाळ्यात तो अमेरिकी झोन 8 तास मागे. त्या संगणकाच्या मते यूटीसीत संध्याकाळचे 6 वाजलेले असतात, खरे वाजलेले असतात पहाटेचे साडेचार. फरक साडेतेरा तासांचा, आणि डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. उलट बाजूने, झोन वेगळा असूनही यूटीसी बरोबर असेल तर काहीच अडत नाही. दुबईच्या शाखेतला संगणक मुंबईच्या डेटाबेसशी खुशाल बोलतो.

घड्याळ चुकलेलं सापडलं की ते हाताने लावून मोकळं होऊ नये, कारण उद्या ते पुन्हा चुकेल. ते वेळ घेतं कुठून, हे `w32tm /query /source` ने विचारायचं. उत्तरात डोमेन कंट्रोलरचं नाव यायला हवं. `Local CMOS Clock` आलं, तर ते कुणालाच विचारत नाही, स्वतःच्याच घड्याळावर चाललं आहे. तेव्हा त्याला डोमेनच्या रांगेत परत आणायचं आणि लगेच जुळवून घ्यायचं:

```
w32tm /config /syncfromflags:domhier /update
w32tm /resync
```

डोमेनमध्ये वेळेची उतरंड असते. साधे संगणक डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात, कंट्रोलर त्यांच्यातल्या पीडीसी एम्युलेटरची भूमिका करणाऱ्याकडून, आणि त्याने बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाकडून घ्यायची असते. भारतात ते घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं. भारतीय प्रमाणवेळ तिथेच राखली जाते आणि `time.nplindia.org` या पत्त्यावर ती मिळते. सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांतही यंत्रांची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. सगळं डोमेन मिळून चुकीच्या वेळेवर असेल, तर गंमत म्हणजे कर्बेरॉसला त्याचं काही वाटत नाही, कारण तिला घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवी असतात. अशा ठिकाणी लॉगिन सुरळीत चालतात आणि व्यवहारांवर मात्र चुकीच्या वेळा पडत राहतात.

कर्बेरॉसच्या धोरणात 5 मिनिटांची सूट वाढवता येते आणि काही ठिकाणी ती तासभर केलेली आढळते. तसं करू नये. ही सूट म्हणजे टिपलेला संदेश पुन्हा वापरण्यासाठी चोराला मिळणारी मुदत आहे. तितकीच वाईट दुसरी पळवाट म्हणजे `sqlsvc` ला डोमेन ॲडमिन करून टाकणं. त्याने एसपीएन आपोआप नोंदलं जातं, एरर जातो, आणि डेटाबेसच्या सेवेत कुणी शिरला तर अख्खं डोमेन त्याच्या हातात जातं.

पतसंस्थेत कायमचा उपाय असा केला: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत `sqlsvc` च्या खात्याला स्वतःपुरता, फक्त `servicePrincipalName` लिहिण्याचा अधिकार दिला. त्याहून पुढचा मार्ग म्हणजे समूह व्यवस्थापित सेवा खातं; त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः बदलत राहतं, तो कुणा माणसाला माहीत असावा लागत नाही. तिथे तेवढी तयारी नव्हती, म्हणून पहिला मार्ग घेतला. मग कार्यालय सुटल्यावर सेवा नीट बंद करून पुन्हा सुरू केली आणि एरर लॉग उघडला. या वेळी `0x2098` नव्हता. पोर्टसह एक आणि पोर्टशिवाय एक, दोन्ही नावांपुढे `successfully registered` असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कारकुनाच्या संगणकावरून, त्याच्याच लॉगिनने, जोडणी करून पाहिली. `auth_scheme` च्या रकान्यात `KERBEROS` आलं.